दहावं नाणं : चार मिनिटांच्या बालसंदेशाचं एक प्रकरण

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या मराठी मंडळीतलं हे प्रकरण. मिशनच्या काळातलं दगडी चर्च, खाली शहाबादी फरशी, पुढे मुलांसाठी अंथरलेली जाजम. रविवारच्या उपासनेत दुसरं गीत झालं की पाळकसाहेब मुलांना पुढे बोलावतात. तीन वर्षांच्या पोरापासून सातवीतल्या मुलीपर्यंत वीस-बावीस मुलं जाजमेवर येऊन बसतात आणि शब्बाथशाळेच्या एक ताई त्यांच्याशी चार-पाच मिनिटं बोलतात. मग मुलं मागच्या खोलीत शब्बाथशाळेला जातात आणि मोठ्यांचं शास्त्रवाचन सुरू होतं. वेळ एवढाच. त्या वेळात एक वस्तू दाखवून एक गोष्ट सांगायची, अशी तिथली जुनी पद्धत आहे.

त्या रविवारी प्रवचन लूकच्या 15 व्या अध्यायावर होतं. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा असे तीन दृष्टान्त या एकाच अध्यायात आहेत. पाळकसाहेबांनी ताईंना मधला भाग दिला, आठवी ते दहावी ही तीनच वचनं. एका बाईकडे रुप्याची दहा नाणी असतात, त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत नीट शोधते. सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून म्हणते, माझ्याबरोबर आनंद करा. येशू म्हणतो, पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल देवाच्या दूतांसमोर असाच आनंद होतो.

वस्तूपाठासाठी इतका सोयीचा भाग शास्त्रात क्वचित सापडतो. वस्तू वचनातच आहे, घरात मिळते आणि खिशात मावते. म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलं. इतक्या सोप्या वस्तूलाही किती ठिकाणी पाय फुटतात आणि ती पुन्हा मार्गावर कशी आणता येते, हे यात एकेक पायरीने दिसतं. शब्बाथशाळेच्या कामात ताईंच्या सोबतीला असल्यामुळे मला ही तयारी जवळून पाहता आली.

ताईंचा पहिला आराखडा भरगच्च होता. टेबलावर झाडू, पणती, नाण्यांची पुरचुंडी आणि छोटा आरसा. नाणं म्हणजे आपला आत्मा, घर म्हणजे मंडळी, पणती म्हणजे पवित्र आत्मा, झाडू म्हणजे देवाचं वचन, धूळ म्हणजे पाप. शेवटी आरसा दाखवून विचारायचं, हरवलेलं नाणं कोण? मुलांना आरशात स्वतःचं तोंड दिसेल. मोठ्या माणसाला हे ऐकायला छान वाटतं. प्रत्येक वस्तूला जोडी लावण्याची ही रीत जुनी आहे आणि कित्येक प्रवचनांतून आपण ती ऐकलेली आहे.

गुरुवारी संध्याकाळी ताईंनी हा आराखडा शेजारच्या चार-पाच मुलांसमोर करून पाहिला. ही सवय त्यांची स्वतःची, आणि माझ्या मते बालसंदेशाच्या तयारीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. संपल्यावर त्यांनी विचारलं, "ताईंनी काय सांगितलं?" पहिलीतला मुलगा म्हणाला, "देवाकडे झाडू आहे." दुसरा म्हणाला, "आपल्यात धूळ असते." एका मुलीला फक्त आरसा आठवत होता, आणि तो कुठून घेतला हे तिला हवं होतं. मुलं लक्ष देत नव्हती असं नाही. त्यांनी दिलेलं सगळं घेतलं होतं, जसंच्या तसं. सात-आठ वर्षांच्या आतलं मूल झाडू पाहतं तेव्हा त्याला झाडूच दिसतो. "हा झाडू म्हणजे वचन" असं सांगितलं तर ते वाक्य पाठ करील, पण झाडूवरून वचनावर उडी मारणं त्याच्या विचाराला अजून जमत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचाराच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यात सात ते अकराच्या सुमाराला मूल हाताळता येणाऱ्या गोष्टींवर तर्क चालवू लागतं आणि अमूर्ताचा विचार त्यानंतर येतो. वयाच्या या रेषा पक्क्या नसतात, त्यांवर पुढे वादही झाले. पण जाजमेवर बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना रूपक उलगडत नाही, हे शब्बाथशाळा घेणाऱ्या कुणालाही अनुभवाने कळतं.

मग वस्तू दाखवायचीच नाही का? तसं नाही. वस्तू वचनात जे काम करते, तेच काम तिने मुलांसमोर करावं. नाणं हरवतं, नाणं सापडतं. झाडू झाडतो. शास्त्रातही बहुतेक ठिकाणी असंच घडतं. कैसराला कर द्यावा की नाही असं विचारलं तेव्हा येशूने एक नाणं आणायला सांगितलं आणि त्यावर कुणाचं चित्र आहे ते विचारलं. ते नाणं नाणंच राहिलं, त्याचं दुसरं काही झालं नाही. यिर्मयाने कुंभाराकडून मडकं विकत घेतलं आणि वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत फोडलं. पाहणाऱ्याला आधी फुटलेलं मडकं दिसलं, अर्थ त्यामागून आला. मूल फुटण्याशी, हरवण्याशी, सापडण्याशी लगेच जोडलं जातं, कारण त्याच्या दिवसात रोज काहीतरी फुटतं आणि हरवतं.

म्हणून पहिली काटछाट अशी झाली की आरसा गेला, पणती गेली, जोड्या लावणं गेलं. पणतीबद्दल आम्ही बराच विचार केला, कारण दिवा वचनात आहे. पण उघड्या ज्योतीशेजारी वीस मुलं बसवणं धोक्याचं, आणि सकाळी साडेनऊच्या उजेडात पणतीने शोधण्याला काही अर्थही नाही. दिव्याचा उल्लेख बोलण्यात येईल, एवढं ठरलं. उरली नाणी आणि झाडू.

आता प्रश्न आला, नाणं शोधायचं कुणी? कुणाच्याही मनात पहिल्यांदा येतं ते असं, की नाणं आधी लपवून ठेवू आणि मुलांना शोधायला लावू. मुलांना हालचाल मिळेल, मजा येईल. ताईंनी शुक्रवारी तेही करून पाहिलं. पाच मुलं पाच दिशांना धावली, दोघांची धडक झाली, आणि तिसरीतल्या मुलाने नाणं शोधून मूठ आवळली. त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, हे माझंच ना?" बाकीच्या चौघांचे चेहरे पडले. एक जण म्हणाला, तो तर आधीच बघत होता.

ही शर्यत होती, दृष्टान्त नव्हे. वचन पुन्हा वाचलं की चूक कुठे आहे ते दिसतं. दृष्टान्तात शोधणारी बाई एकटी आहे. नाणं स्वतः काही करत नाही. ते हाक मारत नाही, परत येत नाही, त्याला आपण हरवलो आहोत हेसुद्धा ठाऊक नाही. मेंढरू निदान भटकतं, धाकटा मुलगा निदान घरी यायला निघतो. नाणं नुसतं पडून आहे. सगळी धावपळ बाईची. ऐकणाऱ्यांना एकच काम आहे, आणि ते शेवटी येतं. शेजारणी येतात आणि तिच्या आनंदात भाग घेतात. मुलांना शोधायला लावलं की देवाची जागा मुलांना दिली जाते आणि मुलांची खरी जागा रिकामी राहते. ताईंनी शोधायचं, मुलांनी शेजारी व्हायचं, ही या संदेशातली मुख्य दुरुस्ती. ती केल्यावर कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. तीन वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एकच काम तितक्याच चांगल्या रीतीने करू शकतं. वीस वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र बसवून बोलताना ही फार मोठी सोय आहे.

नाण्यांच्या निवडीतही एक गोष्ट कळली. ताईंनी आधी दहा रुपयांची नाणी घेतली होती, मोठी आणि दुरंगी म्हणून. सरावात एक मुलगा म्हणाला, "दहाचं नाणं दुकानदार घेत नाही." रिझर्व्ह बँकेने ही नाणी चलनात वैध असल्याचं अनेकदा सांगितलं आहे, तरी त्या मुलाच्या गल्लीतलं सत्य त्याला माहीत होतं. जी वस्तू मौल्यवान म्हणून दाखवायची, तीच त्याच्या दृष्टीने कुणी न घेणारी निघाली. वस्तू मुलांच्या जगात आधीच काय सांगते आहे, हे कळायला सरावाशिवाय दुसरा मार्ग नाही. ताईंनी पाच रुपयांची पिवळी नाणी घेतली. त्यावर कुणी काही म्हणालं नाही.

नाणं छोटं असतं, मागच्या बाकांवरून दिसत नाही, अशी शंका मंडळीतल्या एका काकांनी काढली. ती बरोबर होती. पण नाण्याला आवाज असतो. स्टीलच्या ताटात एकेक नाणं टाकत मोजलं तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. आणि शहाबादीवर झाडू फिरवताना नाणं झाडूत अडकून घसटलं की खणखणतं. त्या बाईने झाडू का घेतला, हेही इथे कळतं. गालील समुद्राच्या काठच्या कफर्णहूमसारख्या गावांतली घरं काळ्या बेसाल्ट दगडाची होती. खिडक्या लहान, आत अंधार, खालची दगडी जमीन खडबडीत आणि फटींची. आपलं दख्खनचं पठारही बेसाल्टचंच, त्यामुळे तो काळा दगड आपल्या मुलांना परका नाही. जुन्या वाड्यांच्या जोत्यात ती तोच दगड पाहतात. अशा जमिनीवर पडलेलं नाणं नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. दिव्याने ते चमकतं, झाडूने ते हलतं आणि वाजतं. ताईंनी दृष्टान्तातली झाडण्याची क्रिया जशीच्या तशी केली, आणि शोधणं मुलांना ऐकू येऊ लागलं.

आता रविवारची सकाळ. ताईंनी उपासनेआधी, कुणी नसताना, एक नाणं पुढच्या बाकाच्या पायाशी भिंतीकडे सरकवून ठेवलं. जाजमेपासून लांब, म्हणजे लहान मुलाच्या हाती लागून तोंडात जाणार नाही. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांसमोर सुटी नाणी ठेवायची नाहीत, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. ताटातली नाणीही सगळा वेळ त्यांच्याच हातात होती. झाडू भिंतीला टेकवलेला. माइक त्यांनी बंद ठेवायला सांगितला, कारण माइकमधून झाडूची खसखस ऐकू येते आणि नाण्याचा बारीक आवाज त्यात बुडतो.

त्या काय बोलल्या, ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. साधारण असं होतं.

"या, बसा. आज माझ्याकडे नाणी आहेत. आपण मोजू या. माझ्याबरोबर मोजा." मग ताटात एकेक नाणं. एक, दोन, तीन. मुलं मोठ्याने मोजू लागली. नऊ म्हणून झालं आणि ताईंची मूठ रिकामी झाली. दोन-तीन मुलं तशीच पुढे "दहा" म्हणाली आणि थांबली. ताईंनी ताटात पाहिलं. "नऊच आहेत. माझ्याकडे दहा होती."

"येशूने एका बाईची गोष्ट सांगितली. तिच्याकडे दहा नाणी होती, चांदीची. एक नाणं म्हणजे दिवसभर काम केल्यावर मिळणारी मजुरी. आई सकाळी कामाला गेली आणि संध्याकाळी दमून आली की जे मिळतं, तेवढं. त्यातलं एक हरवलं. तिच्याकडे नऊ होती. ती म्हणाली का, जाऊ दे, नऊ आहेत ना? नाही. तिच्या घरात अंधार होता, तिने दिवा लावला. मग तिने झाडू घेतला."

इथे ताई उठल्या आणि झाडू लागल्या, न बोलता. आधी जाजमेच्या डावीकडे, मग वेदीच्या पायरीखाली, मग बाकांच्या रांगेकडे. ही वेळ मोजून ठरवलेली होती, पाऊण मिनिटाच्या आतबाहेर. एवढ्या वेळात शोधणं खरं वाटतं. दहा सेकंदांत सापडलं तर ते हरवलेलं नसतंच, आणि दीड मिनिट लागलं तर लहान मुलं उठून चालू लागतात. मुलं पहिले काही क्षण हसत होती. मग आवाज ऐकायचा म्हणून आपोआप गप्प झाली. ताईंनी कुणाला गप्प बसा असं सांगितलं नव्हतं.

अर्ध्यावर एक मुलगा ओरडला, "ताई, तिकडे बाकाखाली आहे!" असं होणार हे ताईंनी गृहीत धरलं होतं. काय करायचं तेही ठरवलं होतं. ऐकू न आल्यासारखं करायचं नाही, खोटं आश्चर्यही दाखवायचं नाही. "हो का? मग तिथेही झाडते," असं म्हणून त्या तिकडे वळल्या. शोधणं त्यांच्याच हातात राहिलं आणि मुलाचं म्हणणंही वाया गेलं नाही. बाकाच्या पायाजवळ झाडू गेला आणि नाणं फरशीवर वाजलं. मुलांनी आरोळी दिली, मागच्या बाकांवरही कुणीतरी टाळी वाजवली.

ताईंनी नाणं उचललं, पुसलं, ताटात टाकलं. "दहा." मग त्या म्हणाल्या, "बाईला नाणं सापडलं तेव्हा तिने एकटीने कपाटात ठेवून नाही दिलं. तिने शेजारच्या सगळ्यांना हाका मारल्या. या, माझं हरवलेलं नाणं सापडलंय, माझ्याबरोबर आनंद करा! आता तुम्ही माझे शेजारी. मी हाक मारते, तुम्ही म्हणा, सापडलं!" त्यांनी हाक मारली, मुलं "सापडलं!" म्हणाली, दुसऱ्यांदा अख्खी मंडळी म्हणाली.

"येशूने सांगितलं, देव असाच आहे. कुणी देवापासून दूर गेलं, तर देव त्याला सापडेपर्यंत शोधतो, आणि सापडल्यावर खूप आनंद करतो. आपण प्रार्थना करू." प्रार्थना दोन वाक्यांची. देवा, तू आम्हाला शोधतोस म्हणून तुझे आभार. आमच्याबरोबर आनंद कर. आमेन.

सगळं मिळून चार मिनिटं आणि वर थोडं. बोललेले शब्द अडीचशेच्या आसपास. उरलेला वेळ मोजण्यात, झाडण्यात आणि हाका मारण्यात गेला. मला वाटतं, बालसंदेशात शब्दांचं आणि कृतीचं हेच प्रमाण असावं.

शेवटच्या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक बालसंदेश इथे घसरतात. पहिल्या आराखड्याचा शेवट होता, "म्हणून मुलांनो, आपण चांगलं वागू या, देवापासून दूर जाऊ नये." दुसऱ्या एका शिक्षकांनी सुचवलं होतं, "आपल्या वस्तू नीट जपू या" असंही सांगता येईल. वस्तू जपणं चांगलंच आहे, पण ते या वचनात नाही. "चांगलं वागू या" हेही नाही. हा दृष्टान्त देव काय करतो ते सांगतो, आणि नाण्याला करायला काहीच उरत नाही. शेवटी मुलांवर एखादं कर्तव्य टाकलं की संदेशाचा कर्ता बदलतो. मूल घरी जाताना "मी चांगलं वागलो नाही तर देव मला हरवून टाकेल" असंही घेऊन जाऊ शकतं, आणि ते दृष्टान्ताच्या अगदी उलट आहे. तपासायचं कसं? शेवटच्या वाक्यात क्रियापद कुणाचं आहे ते पाहावं. "देव शोधतो, देव आनंद करतो" इथे कर्ता देव आहे. पश्चात्तापाचं वचन मोठ्यांच्या प्रवचनात आलंच. पाळकसाहेबांनी ते पुरेशा गांभीर्याने हाताळलं. चार मिनिटांत तीन वर्षांच्या मुलापुढे ते मांडायला गेलं तर त्याची फक्त भीती उरते.

प्रश्न विचारणं ताईंनी जवळजवळ टाळलं, हेही जाणूनबुजून होतं. "हे नाणं म्हणजे कोण बरं?" असा प्रश्न टाकला की शब्बाथशाळेत मुरलेलं मूल "येशू!" म्हणतं, कारण तिथे उत्तर बहुधा तेच असतं. ते चुकलं की मागचे मोठे लोक हसतात. त्यांच्या हसण्यात माया असते, पण पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला ती दिसत नाही, तिला फक्त दोनशे माणसं हसताना ऐकू येतात. मागे एका रविवारी असं झालं होतं आणि ती मुलगी महिनाभर पुढे यायला तयार नव्हती. तेव्हापासून मुलांच्या तोंडासमोर माइक धरायचा नाही, हे त्या मंडळीत ठरलं आहे. मुलांनी मोजलं, मुलांनी आरोळी दिली, दोन्ही सगळ्यांनी मिळून. एकट्याला उत्तर द्यावं लागेल असा प्रसंग कुणावर आला नाही.

संदेश पोचला की नाही, हे त्या दिवशी कळत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्यांनी छान झालं म्हटलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. टाळ्या झाडूलाही असू शकतात. ताईंची रीत अशी की पुढच्या रविवारी शब्बाथशाळेत, दुसरं काही सुरू करण्याआधी, त्या दोन साधे प्रश्न विचारतात. गेल्या रविवारी काय झालं? आणि मग, बाई का आनंदली? पहिल्या प्रश्नाला सगळ्यांनी झाडू, नाणं, मोजणं सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी "नाणं सापडलं म्हणून" असं म्हटलं. एक पाच वर्षांचा मुलगा म्हणाला, "तिच्याकडे नऊ होते तरी शोधत होती." ताईंनी ते वाक्य आपल्या वहीत लिहून ठेवलं. कुणी शिकवलेलं नव्हतं. नऊवर थांबलेली मोजणी त्याच्या कानात राहिली होती, आणि तिच्यातून तो स्वतःच तिथवर पोचला.

सातवीतल्या मुलीने वेगळंच विचारलं, आणि तो प्रश्न या वस्तूची मर्यादा दाखवतो. "ताई, नाणं सापडलंच नसतं तर?" तिच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील घर सोडून गेले होते आणि परत आले नव्हते, हे ताईंना ठाऊक होतं. हरवलेलं सगळं सापडतं असं आश्वासन ताईंनी दिलं नाही. दृष्टान्तही ते देत नाही. त्यांनी तिला वचन उघडून दाखवलं, "बाई सापडेपर्यंत शोधते असं लिहिलंय. ती मध्येच थांबली असं नाही लिहिलेलं. हे देवाबद्दल आहे, की देव शोधायचं थांबवत नाही. माणसं परत येतीलच असं येशू इथे सांगत नाही." मुलगी आणखी काही बोलली नाही. तास संपल्यावर ताई तिच्याशी वेगळ्या बोलल्या. असा प्रश्न येऊ शकतो म्हणून हरवण्याचे दृष्टान्त घेताना कोणत्या मुलाच्या घरी कोण गेलं आहे, कुणाचे आजोबा नुकतेच देवाघरी गेले आहेत, हे आधी मनात घेणं गरजेचं. "हरवला" हा शब्द मुलाच्या घरात कोणत्या अर्थाने फिरतो आहे, ते आधी कळलेलं बरं.

हा संदेश दुसऱ्या एका मंडळीत करायचं ठरलं तेव्हा एक अडचण आली. तिथे वेदीसमोर सगळीकडे गालिचा होता. गालिच्यावर नाणं वाजत नाही आणि झाडूलाही लागत नाही, म्हणजे संदेशाचं हृदयच जातं. तिथल्या शिक्षिकेने मुलांना गालिचा संपतो तिथे, दाराजवळच्या फरशीवर, गोल करून बसवलं आणि मंडळीला मागे वळून पाहायला सांगितलं. ज्यांच्याकडे तशीही फरशी नसेल, त्यांनी झाडू सोडून द्यावा आणि नऊ नाण्यांची मोजणी तेवढी ठेवावी. नऊवर थांबणं कुठल्याही चर्चमध्ये ऐकू येतं.